अंगठा कधी सोडवावा
तुमच्या साडेचार वर्षांच्या मुलीचे मागचे दात मिटल्यावरही पुढे फट राहते, ती रात्री चोखल्या जाणाऱ्या अंगठ्यामुळे असावी. अंगठ्यावर घट्टा असल्यास सवय जोरकस आहे असे समजावे. सहाव्या-सातव्या वर्षी पुढचे कायमचे दात येण्यापूर्वी सवय सुटली, तर ही फट बहुधा आपोआप मिटते, म्हणून कडू लेप लावणे किंवा रागावणे मला योग्य वाटत नाही. तिच्या संमतीने रात्री हातमोजा घालावा आणि तीन महिन्यांनी फट पुन्हा पाहावी. मात्र गालांच्या दाबाने वरचा जबडा अरुंद होऊन मागचे वरचे दात खालच्या दातांच्या आतल्या बाजूला बसत असतील, तर ते सहसा आपोआप सुधारत नाही. तेव्हा वाट न पाहता बालदंततज्ज्ञांना दाखवावे. धाकट्याची चोखणी तिसऱ्या वर्षापूर्वीच बंद करावी. ती दूर ठेवता येते, अंगठा ठेवता येत नाही.