संयोगचिन्ह म्हणजे वजा कसं?

प्रश्न: "पावसाच्या टक्केवारीचा तक्ता पीडीएफमधून एक्सेलमध्ये चिकटवला. आकड्यांपुढे वजा स्पष्ट दिसतो, पण हिशेबात तो धरला जात नाही. जाणकारांनी सांगितलं, 'वजा काढा आणि संयोगचिन्ह टाका, मग तो वजा होईल.' संयोगचिन्ह तर जोडायचं चिन्ह, ते वजा कसं? आणि उणे, ऋण, वजा यांतला बरोबर शब्द कोणता?"

तुम्हाला मिळालेला सल्ला बरोबर आहे, त्यातला शब्द तेवढा चुकला आहे. त्या शब्दामुळेच हा घोटाळा नीट समजत नाही, म्हणून आधी शब्दांचं बघू.

'वजा' अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. मूळ अर्थ खाली ठेवणं, बाजूला काढणं. आपल्या मराठवाड्यात हा शब्द अजून मोंढ्यात रोज ऐकू येतो. सोयाबीनची पट्टी हातात पडली की खाली लिहिलेलं असतं, 'हमाली, तोलाई वजा जाता'. म्हणजे वजा ही मुळात क्रिया आहे, एका रकमेतून दुसरी काढणं. 'उणे' संस्कृत 'ऊन'वरून आला, त्याचा अर्थ कमी असलेलं, म्हणजे ती स्थिती. 'उणे दोन अंश' यात कशातून काही काढलेलं नाही, पारा शून्याच्या खाली आहे एवढंच. 'ऋण' हा गणिताचा शब्द. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये शून्याखालच्या संख्यांचे नियम सांगितले ते धन आणि ऋण, म्हणजे संपत्ती आणि कर्ज, या भाषेत. भास्कराचार्य तर अशा संख्येच्या डोक्यावर टिंब देत. रेघ नव्हतीच.

म्हणून तुमच्या तक्त्यातल्या आकड्याला 'उणे २३' किंवा 'ऋण २३' म्हणणं अर्थाला जास्त धरून आहे. पण बोलताना 'वजा तेवीस' सगळेच म्हणतात आणि त्यात मला काही गैर वाटत नाही.

आता रेघांकडे येऊ. कागदावर आडव्या रेघा निदान तीन निघतात. पहिली 'आई-वडील'मधली आखूड रेघ, तिला आपण संयोगचिन्ह म्हणतो. दुसरी 'जून–सप्टेंबर'मधली थोडी लांब, 'पासून–पर्यंत' दाखवणारी. तिला मराठीत रुळलेलं नाव नाही, छपाईवाले तिला एन डॅश म्हणतात. (अपसरणचिन्ह म्हणजे वाक्यात थांबा घेणारी त्याहून लांब रेघ, ती इथे येत नाही.) तिसरी गणितातली वजाची रेघ, अधिक चिन्हाच्या आडव्या दांडीइतकी रुंद आणि त्याच उंचीवरची.

टाइपरायटरवर या सगळ्यांसाठी एकच कळ होती. १९६३ साली अमेरिकेत संगणकासाठी अक्षरांना क्रमांक देण्याचं प्रमाण ठरलं, तेव्हा त्या एका कळीला ४५ क्रमांक मिळाला. पुढे बहुतेक संगणकभाषांनी आणि हिशेबाच्या प्रोग्रामांनी ऋण संख्या ओळखायची ती याच ४५ नंबरच्या रेघेवरून, अशी घडी बसली. १९९१ मध्ये युनिकोड आलं तेव्हा छपाईतल्या रेघांना स्वतंत्र जागा मिळाल्या. खऱ्या वजाला 8722 आणि एन डॅशला 8211. जुनी ४५ नंबरची रेघ मात्र दोन्ही कामं करत आलेली होती, म्हणून तिचं अधिकृत नावच HYPHEN-MINUS असं जोड ठेवलं गेलं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. कळफलकावरची ती रेघ निव्वळ संयोगचिन्ह नाही आणि निव्वळ वजाही नाही. ती टाइपरायटरपासून चालत आलेली सामाईक रेघ आहे, आणि संगणकाला वजा म्हणून तीच कळते. जी रेघ छपाईच्या दृष्टीने अस्सल वजा आहे, ती एक्सेलला अक्षर वाटते. त्यामुळे तिच्यासकट अख्खा आकडा मजकूर ठरतो.

हे एका उदाहरणावर करून बघू. हवामान खात्याच्या वर्गवारीत पाऊस सरासरीपेक्षा २० ते ५९ टक्के कमी असेल तर तो जिल्हा तुटीचा धरतात, आणि उणे १९ ते अधिक १९ पर्यंतचा सामान्य. समजा आपल्या आठ जिल्ह्यांची टक्केवारी अशी चिकटवली (आकडे फक्त उदाहरणासाठी घेतले आहेत): छत्रपती संभाजीनगर −12, जालना −23, बीड −31, लातूर 8, धाराशिव −27, नांदेड 14, परभणी −9, हिंगोली 3. हे B2 ते B9 मध्ये आहेत. आता तुटीचे जिल्हे मोजू:

```
=COUNTIF(B2:B9,"<=-20")
```

उत्तर येतं 0. प्रत्यक्षात जालना, बीड आणि धाराशिव असे तीन जिल्हे तुटीत आहेत. MIN विचारलं तर सर्वांत कमी 3 सांगेल, म्हणजे हिंगोली, जिथे सरासरीपेक्षा जास्त पाऊस झाला. AVERAGE घेतली तर फक्त ८, १४ आणि ३ यांची सरासरी 8.33 येते, आठही आकड्यांची खरी सरासरी मात्र उणे ९.६ च्या आसपास आहे. (जिल्ह्यांच्या टक्केवारीची अशी साधी सरासरी म्हणजे विभागाची तूट नव्हे, कारण प्रत्येक जिल्ह्याचं सरासरी पर्जन्यमान वेगळं. इथे ती फक्त फरक दिसावा म्हणून काढली.)

मला सगळ्यांत जास्त खटकतं ते हे, की यात कुठेही चूक झाल्याची सूचना येत नाही. =B2+B3 असं थेट लिहिलं तर #VALUE! तरी दिसतं, पण SUM, AVERAGE, MIN आणि COUNTIF मजकूर असलेले खाने मुकाट्याने सोडून देतात. बीडच्या खान्याला =B4>0 विचारलं तर TRUE येतं, कारण एक्सेलच्या क्रमवारीत कोणताही मजकूर कोणत्याही संख्येपेक्षा मोठा असतो. दुष्काळाच्या तक्त्यात नेमके कमी पावसाचे जिल्हे गळतात आणि उरलेल्यांवरून चित्र चांगलं दिसतं. मी स्वतः एकदा अशा तक्त्यावरून चार लोकांना चुकीचा आकडा सांगून बसलो होतो. आलेख काढताना बीडचा खांब शून्यावरच दिसला, तेव्हा कुठे लक्षात आलं.

ओळखायचं कसं? डोळ्यांवर विसंबू नका, बऱ्याच टंकांत 8722 आणि 8211 या रेघा सारख्याच दिसतात. पहिली खूण अशी, की तुम्ही स्वतः खान्याची मांडणी बदललेली नसेल तर संख्या उजवीकडे चिकटते आणि मजकूर डावीकडे. किती खाने मजकूर झालेत ते असं मोजा:

```
=COUNTA(B2:B9)-COUNT(B2:B9)
```

आपल्या उदाहरणात 5 येईल, आणि उणे आकडेही पाचच आहेत. मग त्यातल्या एका खान्याला =UNICODE(B3) विचारा. उत्तर पहिल्या अक्षराचा क्रमांक असतो. 8722 आलं तर छापील वजा, 8211 आलं तर एन डॅश, 45 आलं तर रेघ ठीक आहे आणि दोष दुसरीकडे आहे. 160 आलं तर रेघेच्या आधी न तुटणारी मोकळी जागा आली आहे, ती आधी काढावी लागेल. हे सूत्र एक्सेल २०१३ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत चालतं.

दुरुस्तीचा सोपा मार्ग सगळ्यांना ठाऊक असतो. खान्यातली ती रेघ कॉपी करून 'शोधा आणि बदला'च्या वरच्या चौकटीत चिकटवायची, खालच्या चौकटीत कळफलकावरची रेघ टाकायची आणि सगळीकडे बदलायची. खाना Text म्हणून ठरवलेला नसेल तर आकडा लगेच संख्या होतो. पण हे करताना फक्त आकड्यांचा स्तंभ निवडलेला असावा. पूर्ण पत्रकावर केलं तर एन डॅश जिथे 'पासून–पर्यंत' म्हणून योग्य जागी बसला आहे, तिथेही बदल होतो. शेजारच्या स्तंभात पावसाचे दिवस '10–12' असे लिहिलेले असतील तर रेघ बदलताच एक्सेल त्याची तारीख करून टाकतो, आणि ती तारीख परत मूळ मजकुरावर आणणं जिकिरीचं असतं.

म्हणून मी रेघ फक्त आकड्याच्या सुरुवातीला असेल तरच बदलतो. शेजारच्या रिकाम्या स्तंभात हे लिहून खाली ओढा:

```
=IF(OR(UNICODE(B2)=8722,UNICODE(B2)=8211),
 VALUE("-"&MID(B2,2,20)),B2)
```

पहिलं अक्षर छापील रेघ असेल तर ते सोडून उरलेला आकडा घ्यायचा आणि त्याच्यापुढे ४५ नंबरची रेघ लावायची, एवढंच हे सूत्र करतं. '10–12' अंकाने सुरू होतं, म्हणून त्याला हात लागत नाही. लातूरचा 8 जसाच्या तसा येतो. एखाद्या खान्यात नुसतीच '–' असेल तर #VALUE! येतं, आणि ते यायलाच हवं. नुसती रेघ म्हणजे काही तक्त्यांत 'नोंद नाही' आणि काहींत 'शून्य'. कोणतं ते मूळ तक्त्याच्या तळटीपेवरून माणसानेच ठरवायचं, सूत्रावर सोडायचं नाही. नंतर या नव्या स्तंभावर पुन्हा COUNTIF लावा, आता 3 येईल.

या रेघा येतात कुठून, तर बहुधा चांगल्या छपाईतून. गणिती मजकूर जुळवणारी सॉफ्टवेअरं उणे संख्येला अस्सल 8722 देतात, आणि वर्डमध्ये दोन शब्दांमध्ये जागा सोडून रेघ टाकली की तो ती आपणहून एन डॅश करतो. छापलेल्या पानावर हे बरोबरच आहे. अहवाल छापायला देताना −23 असाच लांब वजा ठेवा, '-23' बारीक आणि खाली सरकलेला दिसतो. हिशेबाच्या पत्रकात मात्र ४५ नंबरचीच रेघ ठेवायची.

राहिला शब्दाचा प्रश्न. 'वजाच्या जागी संयोगचिन्ह टाका' असं कुणाला सांगू नका, ऐकणारा तुमच्यासारखाच गोंधळतो. संयोगचिन्ह हे लेखनातल्या कामाचं नाव आहे, कळीचं नाही. मी 'छापील वजा' आणि 'साधी रेघ' असे दोन शब्द वापरतो. 'आकड्यापुढचा छापील वजा काढून तिथे कळफलकावरची साधी रेघ टाका' हे वाक्य मी पन्नाशी ओलांडलेल्या ग्रामसेवकांनाही सांगून पाहिलं आहे, त्यांना दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही.