वितळबिंदू पाहून नायलॉन घेऊ नकोस

ओव्हनजवळ १२० अंश सेल्सिअसला राहणाऱ्या ब्रॅकेटसाठी तू साधं नायलॉन ६६ निवडलंस, कारण ते २६० अंशांना वितळतं. पण मऊ ते खूप आधी पडतं. साधारण ५० ते ७० अंशांवर त्याचं काचसंक्रमण होतं: स्फटिकी भाग घट्ट राहतो, मधल्या रेणूंच्या साखळ्या सैल होतात आणि भाराखाली ब्रॅकेट हळूहळू वाकतो. म्हणून डेटाशीटवर भाराखालचं विरूपण तापमान बघ, म्हणजे ठरावीक भाराखाली तुकडा ठरावीक इतका वाकतो ते तापमान. साध्या नायलॉनचं जेमतेम ७० ते ७५, ३० टक्के काचतंतूवाल्याचं २५० च्या आसपास. हा आकडा मात्र थोड्या वेळाच्या चाचणीचा आहे. भार कायमचा असेल तर मी बेकेलाइट घेईन. त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधलेल्या असल्याने ते वितळत नाही, फार तापलं तर करपतं. ठिसूळ असतं, स्क्रू जपून आवळ.