पीएफ मिळाला, पेन्शन अडकली: स्मरणपत्रात काय लिहायचं

प्रश्न: वडील मे महिन्यात साठाव्या वर्षी कारखान्यातून निवृत्त झाले. पीएफचे पैसे आले, पण पेन्शनचा पत्ता नाही. एक पत्र दिलं, ऑनलाइन तक्रार केली, तीही "कार्यवाही सुरू" म्हणून बंद केली. आता स्मरणपत्र कसं लिहू?

उत्तर: पत्राआधी वडिलांचं पीएफ पासबुक उघडा. मी कारखान्याच्या टाइम ऑफिसात बरीच वर्षं हेच कागद हाताळले. पीएफ निघाला आणि फक्त पेन्शन अडकली, त्यात माणूस साठाव्या वर्षी निवृत्त झालेला, म्हटल्यावर माझा पहिला संशय एकाच गोष्टीवर जातो. पेन्शन योजनेचं सदस्यत्व ५८ व्या वर्षी संपतं. कंपनीत निवृत्ती साठला असली, तर शेवटची दोन वर्षं मालकाचा सगळा हिस्सा पीएफमध्येच जायला हवा. पण पगाराची प्रणाली जुन्या सवयीने ८.३३ टक्के पेन्शनकडे वळवत राहते आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

पासबुकात पेन्शनचा रकाना वेगळा असतो. समजा वडिलांचा जन्म १० मे १९६५ चा आहे. मग जून २०२३ पासून त्या रकान्यात शून्य दिसायला हवं. तिथे दरमहा १,२५० दिसत असतील तर दुखणं सापडलं: २४ महिन्यांचे ३०,००० रुपये चुकीच्या खात्यात पडलेत. ते खातं क्रमांक १० मधून खातं क्रमांक १ मध्ये वळवावेत, असं पत्र कंपनीने पीएफ कार्यालयाला द्यावं लागतं. ते तुमच्या हातात नाही, म्हणून आधी कंपनीच्या मागे लागा. वळवलेली रक्कम पीएफ म्हणून वडिलांनाच मिळते. अपवाद एकच: वडिलांनी पेन्शन साठपर्यंत पुढे ढकलायचा पर्याय लेखी दिला असेल, तर त्याची प्रत जोडा.

आता पत्र. दावा निकाली काढायची मुदत सुरू होते ती "सर्व बाबतींत पूर्ण" दाव्यापासून. त्यामुळे कार्यालयाला "तुमचा अर्ज अपुरा होता" म्हणायला जागाच ठेवायची नाही. वयाची, आजारपणाची करुण कहाणी नको. पान एकच, आणि सही वडिलांचीच. साधारण असं:

> प्रति, प्रादेशिक भविष्य निधी आयुक्त, …
>
> विषय: मासिक पेन्शनचा दावा (फॉर्म १०-डी) प्रलंबित, स्मरणपत्र. यूएएन … , पीएफ खाते क्र. …
>
> महोदय,
>
> मी दि. ३१ मे २०२५ रोजी निवृत्त झालो. फॉर्म १९ चा दावा मंजूर होऊन रक्कम दि. ८ जुलै रोजी जमा झाली. फॉर्म १०-डी मात्र प्रलंबित आहे. तो आस्थापनेमार्फत दि. २० जून रोजी सादर झाला (आवक क्र. …). सोबत पत्नीसह संयुक्त छायाचित्र, आधारच्या प्रती, रद्द केलेला धनादेश व जन्मतारखेचा पुरावा जोडला होता.
>
> यापूर्वी दि. २५ ऑगस्ट रोजी समक्ष पत्र दिले (आवक क्र. …). दि. ६ ऑक्टोबर रोजी ऑनलाइन तक्रार नोंदवली (नोंदणी क्र. …). ती निर्णय न कळवता बंद करण्यात आली.
>
> वयाच्या ५८ वर्षांनंतर पेन्शन निधीत जमा झालेले अंशदान वळवण्याबाबत आस्थापनेने दि. … रोजी पत्र दिले आहे. प्रत सोबत जोडली आहे.
>
> कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ च्या परिच्छेद १७-अ नुसार दावा निकाली काढावा. त्रुटी असल्यास ती लेखी कळवावी.

शेवटचं वाक्य पत्राचा कणा आहे. "लवकरात लवकर कार्यवाही व्हावी" या विनंतीला उत्तर देणं कुणावर बंधनकारक वाटत नाही. त्रुटी मागितली की काहीतरी लिहून द्यावं लागतं. नियमात दिरंगाईसाठी १२ टक्के दंडव्याजही आहे, पण पहिल्या स्मरणपत्रात मी तो उगारत नाही. त्यामुळे टेबलावरचा माणूस फाइल काढण्याऐवजी बचावाची टिप्पणी लिहायला बसतो.

पत्राच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय आवक खिडकी सोडू नका. शिपायाच्या हाती दिलेलं पत्र पुढच्या पत्रात दाखवता येत नाही. दर महिन्याच्या २७ तारखेला "निधी आपके निकट" शिबिर भरतं, तिथे हीच प्रत घेऊन जा. अधिकारी समोर असतो आणि फाइल कुठे आहे ते तिथल्या तिथे विचारता येतं.

तरीही हललं नाही तर १० रुपये भरून माहिती अधिकारात अर्ज करा. त्यात "विलंब का" असं विचारू नका. फॉर्म १०-डी कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर गेला आणि त्यावरच्या टिप्पणीची प्रत, एवढंच मागा. उत्तराची मुदत ३० दिवस.

पेन्शनचा आदेश, म्हणजे पीपीओ, हातात आला की सुरुवातीची तारीख वाचा. पर्याय दिलेला नसेल तर ती मे २०२३ मधली हवी. जून २०२५ लिहिलं असेल तर दोन वर्षांची थकबाकी बुडते, त्यासाठी लगेच दुरुस्तीचा अर्ज द्या.