गल्ल्यावर बसणारी मुलगी आणि अकाउंट्सचे मार्क

“आमचं किराणा दुकान आहे. मुलगी अकरावी कॉमर्सला आहे. संध्याकाळी ती गल्ल्यावर बसते, कारण तेव्हा मला माल लावायचा असतो. अकाउंट्सच्या चाचणीत २५ पैकी ७ मिळाले. दर दोन मिनिटांनी गिऱ्हाईक येतं, त्यात अभ्यास कसा व्हायचा? तिला दुकानातून उठवू का?”

आधी तिची उत्तरपत्रिका घेऊन बसा आणि मार्क नेमके कुठे गेले ते बघा. लक्ष तुटल्याने होणाऱ्या चुका विखुरलेल्या असतात. कुठे आकडा गळतो, कुठे बेरीज चुकते, कुठे नोंदीखालचं स्पष्टीकरण राहून जातं. मुळातली कल्पनाच उलटी बसली असेल, तर एकच चूक पानापानावर दिसते. तशी चूक मुलगी गल्ल्यावरून उठल्याने जात नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका किराणा दुकानदाराची मुलगी हीच तक्रार घेऊन आली होती. तिच्या रोजकीर्दीत रोखीच्या नोंदी बहुतेक बरोबर होत्या, पण बँक आली की नावे-जमा उलटे. ‘बँकेत रोख ५,००० रुपये भरले’ या व्यवहाराला तिने रोख खाते नावे आणि बँक खाते जमा केलं होतं. कारण विचारलं तर म्हणाली, “मॅडम, मेसेज येतो ना, खात्यात पैसे जमा झाले म्हणून. मग जमाच की!”

मुलीचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. मेसेज खराच असतो, फक्त तो बँकेच्या वहीतला असतो. हे तिला वडिलांच्या उधारीच्या वहीवरून दाखवलं. एखादं गिऱ्हाईक १,००० रुपये आगाऊ ठेवून गेलं, की वडील त्याच्या पानावर ‘जमा १,०००’ लिहितात. त्या गिऱ्हाइकाने स्वतःची वही ठेवली असती, तर त्याने तेच हजार दुकानाच्या नावे टाकले असते, कारण ते त्याचं दुकानाकडचं येणं. बँकेच्या वहीत तुमचं दुकान हे असंच एक गिऱ्हाईक आहे. म्हणून बँक ‘जमा’ म्हणते तेव्हा आपल्या पुस्तकात बँक खाते नावे पडतं. दुकानाचं पासबुक आणि तिने लिहिलेला बँकेचा रकाना शेजारी ठेवल्यावर दोन्हीकडच्या बाजू उलट दिसल्या. पुढे बँक जुळवणी पत्रकाच्या धड्यातही हेच कामी आलं.

आता गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळाचं. त्यात अख्खं गणित बसत नाही, पण एक रोजकीर्द नोंद बसते. या मुलीने एकेक व्यवहार जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर लिहून गठ्ठा गल्ल्याशेजारी ठेवला. पत्रिका उचलायची, कुठली दोन खाती ते ठरवायचं, कुठलं नावे आणि कुठलं जमा ते लिहायचं आणि रक्कम सगळ्यात शेवटी. आधी रक्कम लिहिली आणि गिऱ्हाईक आलं, तर परतल्यावर मुलं त्या रकमेभोवती कुठलीही खाती बसवतात. नोंद पूर्ण झाली की खाली पेन्सिलची रेघ. रेघ नसेल तर अर्धवट नोंद पुढे न ढकलता, व्यवहार वाचून पहिल्यापासून करायची. गिऱ्हाईक आलं की मात्र पेन खाली ठेवायचं. मोड मोजताना डोक्यात नोंद चालू असली, की दोन्हीकडे घोळ होतो.

दुसरं काम गल्ला जुळवण्याचं. बऱ्याच दुकानांत रात्री गल्ला मोजतात आणि त्यावरूनच आजची विक्री काढतात. असा हिशोब कधीच चुकत नाही, कारण त्यात चूक दिसायला जागाच नसते. म्हणून फक्त एक तास, सात ते आठ, प्रत्येक विक्री लिहायची असं ठरलं. एका संध्याकाळी सातला गल्ल्यात २,००० होते. तासाभरात रोख विक्री १,८४० लिहिली आणि उधारीचे ७०० आले. पाववाल्याला ३५० दिले, चहाचे ४० गेले आणि वडिलांनी घरखर्चाला ५०० घेतले. म्हणजे आठला ३,६५० हवे होते. मोजले तर ३,५३०.

अशा वेळी विक्रीचा आकडा कमी करून जुळवून टाकायचा मोह होतो. तो टाळायचा. फरक १२०, तर आधी बरोबर १२० ची नोंद शोधायची. नाही सापडली तर त्याच्या निम्मी, ६० ची, कारण आलेल्याच्या जागी गेलेलं लिहिलं की फरक दुप्पट पडतो. फरकाला ९ ने भाग जात असेल तर आकडे उलटे पडलेत का ते पाहायचं. ८१ च्या जागी १८ लिहिलं तर फरक ६३ येतो. इथे १२० ची नोंद लगेच सापडली. चहापुडा आणि दोन साबणांचे पैसे क्यूआरवर आले होते आणि तिने सवयीने रोखीत लिहिले होते. दुसऱ्या दिवसापासून तिने वहीत रोख आणि बँक असे दोन रकाने आखले. पाठ्यपुस्तकातलं रोख पुस्तक हेच. फरक सापडलाच नाही, तर तेवढी रक्कम ‘रोख तूट’ म्हणून उघड लिहायची.

वडिलांनी घेतलेले ५०० हा दुकानाचा खर्च नव्हे, ती मालकाची उचल. घरी नेलेली साखरही उचलच, आणि तिथे मुलं हमखास विक्रीचा भाव लावतात. ४० ने आणलेली, ४४ ने विकायची दोन किलो साखर घरी गेली तर उचल खाते नावे ८०, खरेदी खाते जमा ८०. विकलीच नाही, तर आठ रुपये नफा कुठून येणार?

गल्ल्यावर न जमणारंही बरंच आहे. समायोजनांसह अंतिम खाती सोडवायला पाऊण तास सलग लागतो. घसारा, येणी-देणी, अखेरचा साठा या प्रत्येकाचे दोन परिणाम द्यायचे असतात, आणि मध्येच उठलं की दुसरा परिणाम राहतो. मग ताळेबंद जुळत नाही. म्हणून अंतिम खाती सकाळी, घरात. जीएसटीच्या नोंदींनाही गल्ला पुरत नाही. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असलेलं दुकान बहुधा नोंदणीकृत नसतं, त्यामुळे ठोक व्यापाऱ्याच्या बिलातला कर तिथे मालाच्या किमतीतच धरतात. परीक्षेत मात्र तो वेगळ्या खात्यात दाखवायचा असतो. बिल दुकानातलं घ्या, पण नोंद पुस्तकाप्रमाणे करायला सांगा.

तेव्हा तिला पूर्ण उठवू नका. सातच्या आधीची आणि आठनंतरची गर्दी तुम्ही सांभाळा, मधला तास तिचा. क्लास लावायचाच तर अंतिम खात्यांपुरता लावा. तुमच्याकडून एवढंच हवं, की त्या तासात गल्ल्यातून हात घालून काही घेतलंत तर चिठ्ठी टाका, दहा रुपये असले तरी. नाहीतर ती तुमचे दहा रुपये स्वतःच्या बेरजेत शोधत बसेल.