खोलीची रुंदी आणि आढ्याची उंची माहीत असेल तर वाशाची लांबी आणि उताराचा कोन कसा काढायचा? कौलारू छप्पर करायचंय.

अर्ध्या रुंदीचा वर्ग अधिक उंचीचा वर्ग, त्याचं वर्गमूळ. पायथागोरस सगळ्यांना येतो. घात होतो तो रुंदी कुठून कुठवर धरायची यात.

घणसोली गावठाणातलं आमचं घर नव्याने शाकारताना ठेकेदाराने आतून टेप लावला, १८ फूट. मी म्हणत होतो, वासा भिंतीच्या बाहेरच्या कडेवरून पुढे जातो, तर नऊ-नऊ इंचाच्या दोन्ही भिंती धरून साडेएकोणीस फूट धर. काका त्याच्या बाजूने, "खोली अठराचीच आहे, भिंत कशाला मोजायची?" शेवटी वासे त्यांच्या मापानेच कापले गेले.

आता हिशोब बघा. भिंतीच्या माथ्यापासून आढं ५ फूट वर. अर्धी रुंदी पावणेदहा फूट धरली की वासा भिंतीच्या बाहेरच्या कडेपर्यंत १० फूट साडेअकरा इंच होतो, त्यांच्या नऊ फुटांनी १० फूट साडेतीन इंच. आठ इंच इथेच गेले. वर वळचण दोन फूट हवी होती, तर त्यांनी वाशात सरळ दोन फूटच वाढवले. वळचणीचे दोन फूट आडवे मोजतात, वासा तिरका जातो. म्हणून त्यालाही त्याच प्रमाणात वाढवावं लागतं, इथे २ फूट ३ इंच. एकूण वासा १३ फूट अडीच इंच हवा होता, कापला १२ फूट साडेतीन. अकरा इंच तोकडा! कौलं चढली तेव्हा वळचण जेमतेम चौदा इंच बाहेर आली. जुलैच्या झडीत पागोळ्या थेट भिंतीवर, आणि खिडकीखालचा गिलावा फुगून पापुद्रे सुटले. अजूनही काका म्हणतात सिमेंट खराब होतं. सिमेंट नव्हे, माप खराब होतं.

कोन म्हणाल तर फोनच्या कॅल्क्युलेटरवर उंची भागिले अर्धी रुंदी करून tan⁻¹ दाबा. ५ भागिले ९.७५ म्हणजे साधारण २७ अंश. मंगलोरी कौलांना आपल्याकडच्या पावसात मी २५ च्या खाली जाणार नाही, वाऱ्याने पाणी कौलांच्या सांध्यातून उलटं वर चढतं. आणि उंची दुप्पट केली की कोन दुप्पट होत नाही; १० फूट केलीत तर सुमारे ४६ अंशच येतात.

हो, एक राहिलं. ही लांबी आढ्याच्या मध्यरेषेपर्यंतची आहे. वासे आढ्याच्या दोन बाजूंना टेकणार असतील तर अर्ध्या रुंदीतून आढ्याची अर्धी जाडी आधीच वजा करा. भिंती जुन्या असतील तर दोन्ही टोकांना रुंदी वेगवेगळी मोजा, क्वचितच सारखी भरते. आणि सुतार कितीही घाई करो, आधी एकच जोडी कापून वर बसवून बघा, मग बाकीचे वासे कापायला द्या.