स्वतःच्या फोनवर ऑफिसचं वर्क प्रोफाइल, आणि प्ले स्टोअर इन्स्टाग्राम देत नाही

प्रश्न: नवीन नोकरीत माझ्या स्वतःच्या फोनवर कंपनी पोर्टल टाकायला लावलं. दोन आठवड्यांनी इन्स्टाग्राम काढून परत टाकायला गेले, तर Your administrator has not given you access to this item असं येतंय. फोन माझा, पैसे माझे. ऑफिसने माझा फोन लॉक केलाय का? आणि माझे मेसेज त्यांना दिसतात का?

उत्तर:

बहुतेक तुम्ही चुकीच्या प्ले स्टोअरमध्ये शिरला आहात. हसू नका, आमच्याकडे महिन्याला दोन-तीन जण तरी हीच तक्रार घेऊन येतात. मी पुण्यात एका कंपनीच्या आयटीमध्ये फोन आणि लॅपटॉप सांभाळतो. म्हणजे तुम्ही ज्या 'administrator'वर चिडला आहात, त्याच जातीचा माणूस.

कंपनी पोर्टल टाकून सेटअप पूर्ण केलात तेव्हा फोनमध्ये एक वेगळा कप्पा तयार झाला. त्याला वर्क प्रोफाइल म्हणतात. घर तुमचंच, फक्त त्यातली एक खोली ऑफिसला भाड्याने दिल्यासारखं. त्या खोलीतल्या ॲप्सच्या चिन्हावर कोपऱ्यात छोटी ब्रीफकेस असते. गोंधळ होतो तो इथे: त्या खोलीत प्ले स्टोअरसुद्धा वेगळं असतं. फोनमध्ये आता दोन प्ले स्टोअर आहेत, दिसायला सारखी, एकावर ब्रीफकेस. ब्रीफकेसवाल्यात आयटीने मंजूर केलेली ॲप्सच मिळतात: मेल, टीम्स, पगाराची स्लिप बघायचं ॲप वगैरे. तिथे इन्स्टाग्राम मागितलंत की नेमकं हेच वाक्य येतं.

खात्री करायची सोपी युक्ती सांगतो. वरून बोट ओढून क्विक सेटिंग्ज उघडा, तिथे Work apps असं बटण असेल, ते बंद करा. काही फोनमध्ये ॲप्सच्या यादीत Personal आणि Work असे दोन टॅब असतात, तिथे Work खाली बंद करायची सोय असते. आता ऑफिसची खोली झोपली, ब्रीफकेसवाली ॲप्स राखाडी झाली. या अवस्थेत जे प्ले स्टोअर उघडेल ते तुमचं. त्यात इन्स्टाग्राम शोधा. Install आलं, तर फोनला काहीही झालेलं नाही. काम झालं की बटण परत चालू करायला विसरू नका, नाहीतर ऑफिसचे मेल येणार नाहीत आणि मग वेगळीच तक्रार घेऊन आमच्याकडे याल.

वैयक्तिक प्ले स्टोअरमध्येही तेच वाक्य आलं, तर उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर टिचकी मारून कोणतं खातं चालू आहे ते बघा. काही कंपन्या गूगलचंच मेल वापरतात आणि लोक ते खातं वैयक्तिक बाजूलाही जोडून बसतात. खातं ऑफिसचं असेल, तर दुकान तुमचं पण गिऱ्हाईक ऑफिसचं अशी गत होते आणि नियम ऑफिसचेच लागू होतात. तिथल्या तिथे तुमचं खातं निवडा.

बहुतेकांचा प्रश्न इथे संपतो. पण तुम्ही ॲप काढून परत टाकताय, म्हणजे पुढे लॉगिनही करावं लागणार. त्यात एक खड्डा आहे. आमच्याकडची एक मुलगी त्यात तीन दिवस अडकली होती, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तिचंही तुमच्यासारखंच झालं होतं. योग्य प्ले स्टोअर सापडलं, इन्स्टाग्राम आलं, पण पासवर्ड आठवेना. मग तिने लॉगिनसाठी लिंक मागवली. आता हिने आदल्या वर्षी ऑफिसच्या गणपतीचे फोटो टाकायचे म्हणून इन्स्टाग्रामला मेल आयडी ऑफिसचा देऊन ठेवला होता. लिंक गेली ऑफिसच्या मेलवर. ते मेल उघडतं ब्रीफकेसवाल्या ॲपमध्ये. तिथून लिंक दाबली की उघडतो ब्रीफकेसवाला ब्राउझर, कारण ऑफिसच्या खोलीतली लिंक सहसा त्याच खोलीत उघडते. त्या खोलीत इन्स्टाग्राम नाहीच. ब्राउझर तिला ॲप घ्यायला पाठवायचा ब्रीफकेसवाल्या प्ले स्टोअरमध्ये, आणि तिथे पुन्हा तेच वाक्य! तिला वाटलं, आता तर लॉगिनसुद्धा ऑफिसने बंद केलं. प्रत्यक्षात कोणी काही बंद केलं नव्हतं. ॲप एका खोलीत, किल्ली दुसऱ्या खोलीत, एवढंच.

आम्ही काय केलं? लिंकचा नाद सोडला. लिंकऐवजी अंकांचा कोड मागवला, तो ऑफिसच्या मेलमध्ये वाचला आणि वैयक्तिक बाजूच्या इन्स्टाग्राममध्ये हाताने टाइप केला. कॉपी-पेस्ट करायला गेलात तर कदाचित जमणार नाही, कारण ऑफिसच्या खोलीतून मजकूर बाहेर नेणं अनेक कंपन्या बंद ठेवतात. पेस्ट दाबल्यावर काहीच आलं नाही तर ॲप बिघडलंय असं समजू नका. खात्याला मोबाईल नंबर जोडलेला असेल तर कोड एसएमएसवर मागवणं त्याहून सोपं. आणि आत शिरल्याबरोबर खात्याचा मेल बदलून स्वतःचा टाका. नोकरी सोडलीत की ऑफिसचा मेल बंद होतो आणि त्यावर अवलंबून असलेलं खातं परत मिळवणं फार जिकिरीचं होतं.

आता तुमचे मेसेज. तुम्ही वापरात असलेल्या स्वतःच्या फोनवर कंपनी पोर्टल टाकून वर्क प्रोफाइल केलं असेल, तर तुमच्या बाजूची ॲप्स, चॅट, फोटो, कॉल मला माझ्या स्क्रीनवर दिसत नाहीत. फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, ऑफिसच्या खोलीतली ॲप्स, फोनला स्क्रीन लॉक आहे की नाही, अशा गोष्टी दिसतात. मी दुरून पुसू शकतो ती फक्त ऑफिसची खोली. हा माझा सज्जनपणा नाही, अँड्रॉइडची रचनाच तशी आहे. ऑफिसच्या वायफायवर असताना मात्र नेटवर्कचे नियम वेगळे असतात. तिथे इन्स्टाग्राम उघडलंच नाही तर मोबाईल डेटावर करून बघा. डेटावर चाललं तर अडवणारा ऑफिसचा वायफाय आहे, तुमचा फोन नाही.

तुमच्या बाजूला ऑफिसचा हात अगदीच पोचत नाही असंही नाही. दोन ठिकाणी पोचतो. एक म्हणजे स्क्रीन लॉक: पुरेसा मोठा पिन ठेवा असं आम्ही पूर्ण फोनसाठी सांगू शकतो. दुसरं, आणि तुमच्या प्रश्नाशी संबंधित, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून एपीके फाइल उतरवून ॲप टाकणं. अँड्रॉइड १० पासून वर्क प्रोफाइलवाली कंपनी हे अख्ख्या फोनवर बंद करू शकते. इन्स्टाग्राम मिळेना म्हणून कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेली एपीके तुम्ही दाबली असेल आणि Blocked by your IT admin असं काहीसं आलं असेल, तर ते खरोखर आम्हीच अडवलंय. आणि त्याबद्दल मी माफी मागणार नाही. असल्या फाइलमधून लॉगिन चोरणारी ॲप्स येतात. प्ले स्टोअरवर ॲप असताना तो रस्ता धरायची गरजही नाही.

राहता राहिली ती शक्यता, जिची तुम्हाला भीती वाटतेय: अख्खा फोनच कंपनीच्या ताब्यात असणं. असे फोन असतात, पण ते सहसा कंपनीने दिलेले असतात. तशा फोनवर ब्रीफकेस किंवा दोन टॅब दिसत नाहीत, एकच प्ले स्टोअर असतं आणि त्यात मोजकी ॲप्स. लॉक स्क्रीनवर किंवा क्विक सेटिंग्जच्या तळाशी This device belongs to your organization अशी ओळ असते. फोन त्या अवस्थेत नेहमीच्या मार्गाने न्यायचा तर तो आधी पूर्ण रीसेट करून, पहिल्या Welcome स्क्रीनवरच क्यूआर कोड स्कॅन करावा लागतो किंवा गूगल खात्याच्या जागी हे टाकावं लागतं:

```
afw#setup
```

तुमचा फोन आधीपासून चालू होता, त्यात तुमचे फोटो होते, आणि नंतर तुम्ही फक्त एक ॲप टाकलंत. त्या वाटेने पूर्ण ताबा जात नाही. पण रुजू होताना आयटीवाल्याने "फोन द्या, रीसेट करून देतो" म्हणत तुमचा फोन नेला असेल, तर गोष्ट वेगळी. मग ती ओळ शोधा, आणि दिसली तर लेखी विचारा की वैयक्तिक फोन पूर्ण ताब्यात का घेतला, वर्क प्रोफाइल का चाललं नसतं. एक मधली जातही आहे: कंपनीने दिलेला फोन, पण त्यात वैयक्तिक बाजू मोकळी. अँड्रॉइड ११ पासून तिथे त्या वैयक्तिक बाजूतलीही ठरावीक ॲप्स आम्ही नाकारू शकतो. फोन तुमचा स्वतःचा असल्यामुळे हे तुम्हाला लागू नाही.

रागाच्या भरात ऑफिसची खोली उडवायचीच असेल, तर Settings मध्ये Passwords & accounts, तिथे Work टॅब, खाली Remove work profile. सॅमसंगमध्ये शब्द थोडे वेगळे आहेत, खात्यांच्या भागातच सापडेल. तुमचे फोटो, चॅट, ॲप्स तशीच राहतात, ऑफिसची बाजू तेवढी पुसली जाते. पण त्याआधी एक गोष्ट बघा. लॉगिनला मंजुरी देणारं ऑथेंटिकेटर ॲप तुमच्याकडे ब्रीफकेसवाल्या बाजूला आहे का? प्रोफाइल गेलं की तेही जातं, आणि मग लॅपटॉपवर ऑफिसचं मेलसुद्धा उघडत नाही. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी हे करू नका. आमच्याकडे एकाने केलं होतं, सोमवारी सकाळी हेल्पडेस्क उघडेपर्यंत तो नुसता बसून होता.