आठ बिट, दोन ब्लॉक, आणि कॅरीचा वेळ

प्रश्न: रिपल कॅरी अ‍ॅडरला ८ बिटांना ८ युनिट लागतात. कॅरी सिलेक्टमध्ये ४-४ चे दोन ब्लॉक केले तर माझं उत्तर ४ + ४ + १ = ९ येतं. मग तो वेगवान कसा? आणि २-२ चे चार ब्लॉक केले तर आणखी वेगवान होईल का? (डिप्लोमा, कोल्हापूर)

उत्तर:

९ नाही, ५. दुसरे ४ तुम्ही बेरजेत धरलेत, तिथेच गणित फिरलं. राजारामपुरीत मी डिजिटलच्या शिकवण्या घेतो आणि दर वर्षी हेच ९ कुणाच्या तरी वहीत सापडतं. कारण आकृतीत दुसरा ब्लॉक पहिल्याच्या शेजारी काढलेला असतो, त्यामुळे तो पहिल्यानंतर चालतो असंच वाटतं.

मोजायची पद्धत आधी पक्की करू. एका फुल अ‍ॅडरला कॅरी आत आल्यापासून बाहेर जाईपर्यंत १ युनिट, आणि एका मक्सलाही १ युनिट. आता किती डबे ओलांडले ते मोजू नका. प्रत्येक तारेवर खरं उत्तर कितव्या युनिटला येतं, तो आकडा त्या तारेवर लिहीत जा. ज्या डब्याला दोन गोष्टींची वाट बघायची आहे त्याच्यासाठी दोन्हींतला उशिराचा आकडा घ्यायचा आणि त्यात त्या डब्याचा वेळ मिळवायचा. बेरीज नाही, मोठा आकडा. एवढं पाळलं की ९ येत नाही.

रिपलमध्ये C1, म्हणजे पहिल्या बिटातून बाहेर पडणारा कॅरी, येतो १ ला, C2 येतो २ ला, असं करत C8 येतो ८ ला. ही वाईटात वाईट वेळ आहे. `11111111` मध्ये `00000001` मिळवा, म्हणजे पहिल्या बिटात जन्मलेला कॅरी शेवटपर्यंत सरकत जाताना दिसेल. `10101010` आणि `01010101` घेतले तर कॅरी कुठेच तयार होत नाही आणि उत्तर लगेच येतं. पण सर्किटला आकडे कुठले येणार हे आधी माहीत नसतं, म्हणून घड्याळ ८ धरूनच लावावं लागतं.

आता ४-४. खालच्या चार बिटांचा ब्लॉक साधा रिपल आहे, C4 येतो ४ ला. वरच्या चार बिटांसाठी मात्र दोन रिपल अ‍ॅडर आहेत. एकाला आत येणारा कॅरी कायमचा 0 बांधलेला, दुसऱ्याला कायमचा 1. त्यांना C4 ची गरजच नाही, त्यामुळे तेही शून्याव्या युनिटलाच निघतात आणि ४ ला पोचतात. म्हणजे तिन्ही अ‍ॅडर एकाच वेळी पळताहेत. ४ ला सगळं तयार, मग C4 बघून दोन्हींतलं एक उत्तर निवडायला मक्स १ युनिट घेतो, एकूण ५.

एक बेरीज प्रत्यक्ष करून बघा. १०७ अधिक ५४, म्हणजे `01101011` अधिक `00110110`. खालचा भाग `1011` + `0110` = ११ + ६ = १७, म्हणून बेरीज `0001` आणि C4 = 1. वरचा भाग `0110` + `0011`. कॅरी 0 धरला तर `1001`, 1 धरला तर `1010`. दोन्ही उत्तरं ४ ला मक्सच्या दाराशी उभी आहेत आणि C4 ही ४ लाच आला. तो 1 आहे, म्हणून `1010` निवडलं गेलं. पूर्ण उत्तर `10100001`, म्हणजे १६१.

यात एक बारकी गोष्ट बघण्यासारखी आहे. बेरजेचे बिट S0 पासून मोजले तर पाचवा बिट S4. रिपलमध्ये S4 येतो ५ ला, S5 ६ ला, S6 ७ ला, S7 ८ ला. कॅरी सिलेक्टमध्ये S4 ते S7 चौघेही एकदमच ५ ला येतात. म्हणजे S4 चा काडीचाही फायदा झालेला नाही, S7 चा तीन युनिटांचा झालाय. फायदा सगळा वरच्या बिटांचा.

आता चार ब्लॉकचं. तारांवर आकडे लिहा. C2 येतो २ ला. बाकीचे तिन्ही ब्लॉक दोन-दोन बिटांचेच, त्यामुळे त्यांची दोन्ही उत्तरंही २ ला तयार. दुसऱ्या ब्लॉकचा मक्स C2 बघून C4 देतो ३ ला. तिसऱ्याचा मक्स C4 साठी थांबलेला, तो C6 देतो ४ ला. चौथा C6 साठी थांबलेला, C8 येतो ५ ला. परत ५!

गेल्या वेळी हे फळ्यावर मांडलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, मग चार तुकडं कशाला करायचं ओ? पार्ट जास्त आन् वेळ तेवढाच!" बरोबर बोलला गडी. ४-४ ला १२ फुल अ‍ॅडर आणि ५ मक्स लागतात (चार बेरजेचे, एक कॅरीचा). २-२-२-२ ला १४ फुल अ‍ॅडर आणि ९ मक्स. साध्या रिपलला फक्त ८ फुल अ‍ॅडर. ३-३-२ करून बघितलंत तरी ३, मग ४, मग ५. आठ बिटांना या हिशेबात ५ च्या खाली जाताच येत नाही, म्हणून ४-४ हाच स्वस्तातला पर्याय.

पण चार ब्लॉकमध्ये वेळ वाया कुठे गेला ते ओळखा. चौथा ब्लॉक २ ला तयार होऊन ४ पर्यंत नुसता बसून होता. तो बसणारच असेल तर त्याला जास्त बिट द्यायला काय हरकत आहे? म्हणून ब्लॉक असमान करतात, पुढे जाऊ तसे मोठे. २-२-३ घ्या: C2 २ ला, C4 ३ ला, तिसरा ब्लॉक तीन बिटांचा म्हणून तोही नेमका ३ ला तयार, आणि शेवटचा कॅरी ४ ला. कुणीच कुणासाठी थांबलं नाही. फक्त बिट झाले सात. आठव्या बिटाने सगळा घोळ केला, तो कुठेही बसवा, ५ होतातच. या युक्तीची खरी गंमत १६ बिटांना कळते. २-२-३-४-५ ची बेरीज बरोबर १६ आणि वेळ फक्त ६, तर चार-चारच्या चार ब्लॉकना ७ आणि रिपलला १६.

"मक्सलाही १ युनिट का?" हा प्रश्न तोंडी परीक्षेत येऊ शकतो, त्याचं उत्तर जवळ ठेवा. कॅरी 0 धरून बाहेर 1 येत असेल, तर कॅरी 1 धरूनही 1 येणारच, उलट कधी होत नाही. त्यामुळे कॅरीच्या जागी पूर्ण मक्स न लावता एक अँड आणि एक ऑर गेट पुरतं:

```
C8 = C8_0 + C8_1 · C4
```

इथे `C8_0` म्हणजे 0 धरून आलेला कॅरी, `C8_1` म्हणजे 1 धरून आलेला. आता फुल अ‍ॅडरच्या कॅरीचं सूत्र शेजारी लिहून बघा, तिथेही येणारा कॅरी एका अँड आणि एका ऑरमधूनच जातो. दोन्ही ठिकाणी दोनच गेट, म्हणून दोघांचं वजन सारखं धरणं रास्त आहे. तुमच्या पुस्तकात गेट मोजले असतील तर रिपलला १६ आणि ४-४ ला १० दिसेल. सुरुवातीचा एक्स-ऑर वेगळा मोजला असेल तर १७ आणि ११. गोष्ट तीच. मात्र एखाद्या पुस्तकात फुल अ‍ॅडरला २ आणि मक्सला १ धरलेला असेल तर निकाल बदलतो: ४-४ ला ९ आणि २-२-२-२ ला ७. तिथे चार ब्लॉक खरोखर जिंकतात. म्हणून उत्तर लिहिताना पहिल्या ओळीत कशाला किती वेळ धरलाय ते लिहा, नाहीतर तपासणाऱ्याला तुमचा ५ चुकीचा वाटू शकतो.

कागदावरच्या या हिशेबात एक गोष्ट येत नाही. C4 ची एकच तार पाच ठिकाणी जाते, आणि जितकी जास्त गेटं ओढायची तितकी ती तार सावकाश वर चढते. ब्लॉक मोठा केला की हे ओझंही वाढतं, म्हणून प्रत्यक्ष चिपमध्ये मध्ये बफर घालतात. ५ चे थोडे जास्त होतात, पण ८ होत नाहीत.

ब्रेडबोर्डवर करायचं असेल तर तीन 7483 आणि एक 74157 घ्या. चार बेरजेचे मक्स 74157 मध्ये बसतात, कॅरीसाठी वरचं अँड-ऑर वेगळं लावा. 7483 ला पाचव्या पिनवर व्हीसीसी आणि बाराव्यावर ग्राउंड लागतं, सवयीने १६ आणि ८ वर दिलंत तर आयसी चालणारच नाही. 74157 ची पंधरावी पिन ग्राउंडला न्यायला विसरू नका, ती वर राहिली तर चारही आउटपुट शून्यच दिसतात आणि पोरं अर्धा तास अ‍ॅडरमध्ये चूक शोधत बसतात. सर्किट चालतंय का ते १०७ आणि ५४ देऊन तपासा, मग ५४ च्या जागी ५० द्या. ५० ला खालचा भाग `0010` होतो, ११ + २ = १३, कॅरी येत नाही. C4 0 झाला की वरचं उत्तर `1010` वरून `1001` वर आलं पाहिजे, एकूण १५७.

मात्र या जोडणीवर ८ विरुद्ध ५ मोजायला जाऊ नका. 7483 च्या आत कॅरी रिपल होत नाही, त्यात चार बिटांचं लूक-अहेड आधीच बसवलेलं आहे. शिवाय हा फरक काही नॅनोसेकंदांचा, आणि २० मेगाहर्ट्झच्या सीआरओची स्वतःची चढण्याची वेळच साडेसतरा नॅनोसेकंद. फरक बघायचाच असेल तर सिम्युलेटरमध्ये प्रत्येक गेटला ठरावीक डिले देऊन `11111111` + `00000001` चालवा आणि S7 कधी स्थिर होतो ते बघा.

एफपीजीए बोर्ड हाताशी असेल तर तिथे निकाल चक्क उलटाही लागू शकतो. त्या चिपमध्ये कॅरीसाठी शेजारच्या शेजारी जाणारा खास जलद मार्ग असतो, साधा `+` लिहिला की टूल तोच वापरतं. कॅरी सिलेक्ट हाताने लिहिला तर मक्स साध्या लॉजिकमध्ये आणि लांबच्या तारांवर जातो. आठ बिटांना तिथे `+` च लिहा.